पुरळ आत गेलं नाही, ते गेलंच

*डॉक्टरताई, माझी पहिलीच मुलगी आज 25 दिवसांची आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात माहेरी आहे. ग्रामीण रुग्णालयात साधी डिलिव्हरी झाली, वजन 2 किलो 800 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी रात्री तिच्या छातीवर, पाठीवर, तोंडावर लाल चट्टे उठले, मधोमध पिवळट टोक. आजी म्हणाली, माता आली. काकांनी मेडिकलमधून ट्यूब आणली, दोन दिवस लावली आणि पुरळ गेलं. आता टाळूवर पिवळी चिकट खपली धरली आहे, थोडी भुवयांतही आहे. आजी म्हणते, ट्यूबनं पुरळ आत दाबलं गेलं अन् तेच डोक्यातून निघालं. काका म्हणतात, तीच ट्यूब डोक्याला लावा. नाकावर बारीक पांढरे दाणे आहेत, काकू म्हणते दाबून काढ. टाळूला मला हात लावू देत नाहीत, तेल मात्र रोज भरतात. लेकरू दूध चांगलं पिते. आशाताईंनी 21 व्या दिवशी वजन केलं, 3 किलो 100 ग्रॅम भरलं. मी कोणाचं ऐकू?*

*— एक आई*

ताई, ती ट्यूब डोक्याला लावू नका. बाकीचं सावकाश वाचा, कारण त्यात घाईचं काही नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून अंगावरचं पुरळ, नाकावरचे दाणे आणि टाळूवरची खपली या तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. एकीतून दुसरी निघालेली नाही, आणि तिन्ही आपल्या वेळेला येऊन आपल्या वेळेला जातात.

सुरुवात त्या लाल चट्ट्यांपासून करू, कारण घरातली सगळी भीती तिथूनच सुरू झाली आहे. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या जवळपास निम्म्या बाळांना हे पुरळ येतं. डॉक्टर त्याला एरिथीमा टॉक्सिकम म्हणतात. जन्माच्या वेळी त्वचा स्वच्छ असते, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक लाल चट्टे उठतात. चट्ट्याच्या मधोमध मोहरीहून लहान, पांढरट-पिवळट टोक असतं. ते पाहून पू झालाय असं वाटतं, पण त्यात जंतू नसतात. त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दिसतात. गर्भातून बाहेर आलेल्या बाळाच्या त्वचेवर पहिल्यांदाच बाहेरचे साधे जंतू वस्तीला येतात, आणि केसांच्या मुळाशी शरीर त्यांची दखल घेतं, त्यातून हे उठत असावं असं मानलं जातं. तळहात आणि तळपायांवर केसांची मुळं नसतात, आणि हे पुरळही तिथे सहसा येत नाही. तुम्हीही छाती, पाठ आणि तोंड एवढंच लिहिलं आहे.

या पुरळाची सगळ्यात मोठी खूण म्हणजे ते एका जागी थांबत नाही. सकाळी पोटावर असलेला चट्टा संध्याकाळपर्यंत विरतो आणि मांडीवर दुसरा उठतो. एकेक चट्टा काही तास ते एक-दोन दिवस टिकतो, आणि पाच-सात दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सगळं पुरळ डाग न ठेवता मावळतं. हे कसं ओळखावं असं बाळंतिणी विचारतात, तेव्हा मी त्यांना मोबाइलवर फोटो काढायला सांगते. बेंबीच्या आसपासच्या त्वचेचा सकाळी एक फोटो काढायचा, आणि संध्याकाळी तेवढ्याच उजेडात दुसरा. दोन्ही शेजारी ठेवून बघितले की चट्टे सरकलेले लगेच दिसतात.

म्हणून तुमच्या काकांच्या ट्यूबला जे श्रेय मिळालं, ते तिचं नाही. दुसऱ्या दिवशी आलेलं पुरळ काही दिवसांत जाणारच होतं. तेव्हा खोबरेल लावलं असतं किंवा काहीच लावलं नसतं तरी ते गेलंच असतं. आजींची शंकाही मला समजते. माता अंगावर पूर्ण उमटली नाही तर ती आत बसते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलंय. पण हे पुरळ कोणत्या आजाराचं बाहेर पडणं नव्हतंच, त्यामुळे आत जायला काही नव्हतं. डोक्यावरच्या खपलीचा उगम तर पूर्ण वेगळा आहे, त्याकडे येतेच.

आजींना गोवर-कांजिण्यांची धास्ती असेल तर एक गोष्ट त्यांना सांगा. गोवरापासून आईच्या शरीरातून आलेली प्रतिकारशक्ती पहिले काही महिने बहुतेक बाळांना सांभाळते, आणि दुसऱ्या दिवशी गोवर उठणं हे सहसा घडत नाही. कांजिण्यांचं मात्र तसं नाही. बाळंतपणाच्या आगेमागे पाच-सात दिवसांत आईलाच कांजिण्या आल्या असतील, तर बाळाला धोका खरा असतो आणि पुरळ नसलं तरी डॉक्टरला लगेच सांगायचं असतं. तुम्ही तसं काही लिहिलं नाही, म्हणून इथे तो प्रश्न येत नाही.

आता ज्या पुरळाला घाबरायचं ते कसं दिसतं, हे नीट समजून घ्या, कारण ते आणि हे निरुपद्रवी पुरळ लांबून सारखंच वाटू शकतं. जंतुसंसर्गाचे फोड मानेच्या घडीत, काखेत, जांघेत, लंगोटाच्या जागी किंवा बेंबीजवळ जास्त येतात. त्यांत खरा पू भरलेला असतो. ते फुटले की खाली ओली, लाल जागा उरते किंवा मधासारखी पिवळी खपली धरते. ते जागा बदलत नाहीत, दिवसागणिक वाढतात. असे दोन-चार फोड असले तरी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. दहा किंवा त्याहून जास्त फोड असले, किंवा एकच पण मोठं गळू असलं, तर ते रक्तात संसर्ग पसरल्याचं लक्षण धरून बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं, असं नवजात बाळांच्या उपचारांच्या मार्गदर्शनात सांगितलेलं आहे. पाण्याने भरलेले बारीक फोड एकाच जागी घोसाने आले, किंवा बोटाने दाबल्यावरही न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर सकाळची वाट पाहू नका.

त्वचेइतकंच, किंबहुना जास्त, बाळाकडे पाहायचं. संसर्ग झालेलं लेकरू दूध ओढायचं सोडतं, मलूल पडतं, काखेतला ताप 99.5 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर जातो, किंवा उलट अंग गार पडतं. शांत असताना मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, झटके येणं, यातलं एकही दिसलं तर पुरळ कसं का असेना, 102 किंवा 108 वर फोन करून निघायचं. तुमच्या मुलीचं उलट आहे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि दहा-चौदा दिवसांत परत जन्माइतकं येतं. तुमची लेक तिथे पोचून पुढे तीनशे ग्रॅम वाढली आहे. घरात सगळे पुरळ पाहत होते, तेव्हा आशाताईंचा काटा तिची प्रकृती सांगत होता.

आशाताई घरी येऊन वजन, ताप, श्वास आणि त्वचा तपासतात, ही पद्धत मुळात आपल्याच विदर्भातली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गडचिरोलीच्या गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्यामुळे बालमृत्यू किती कमी झाले याचा अभ्यास 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला, आणि पुढे तीच पद्धत देशभर आशांकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्यांची भेट ठरलेली असते. म्हणजे तुमच्याकडे त्या तीन दिवसांनी पुन्हा येतील. हे पत्रातलं सगळं त्यांना प्रत्यक्ष दाखवा, कारण मी लेकराला पाहिलेलं नाही.

आता ट्यूब. घरात असेल तर बारीक अक्षरातली नावं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलेलं असलं तर ते स्टिरॉइड आहे. खाज-खरूज-गजकर्णासाठी म्हणून जी मिश्र मलमं मेडिकलवर सहज मिळतात, त्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध असं तिन्ही एकत्र असतं. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, तरी विकली जातात. कुठल्याही पुरळाची लाली ती तात्पुरती उतरवतात, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. नवजात बाळाची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचं क्षेत्रफळ मोठं असतं, त्यामुळे लावलेलं औषध मोठ्या माणसापेक्षा जास्त प्रमाणात रक्तात जातं. डोक्यावर लावून वर टोपडं बांधलं की आणखी जास्त. असं आठवडेच्या आठवडे चाललं तर त्वचा विरते, आणि शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या ग्रंथी मंदावतात. दोन दिवस थोडंसं लावल्याने तसं होत नाही, म्हणून झाल्याची काळजी नको. काकांनी काळजीपोटीच धावपळ केली, त्यांना दोष देऊ नका. फक्त ती ट्यूब बाळाच्या सामानातून बाजूला काढा.

नाकावरच्या दाण्यांबद्दल थोडक्यात. त्यांना मिलिया म्हणतात. एक-दोन मिलिमीटरचे, मोत्यासारखे पांढरे, नाक, गाल आणि हनुवटीवर. त्वचेचा वरचा थर ज्या केराटिनचा बनलेला असतो तेच त्वचेखाली बारीकशा पिशवीत अडकलेलं असतं. त्यात पू नाही, दूध नाही, त्यामुळे दाबून काही बाहेर येत नाही. उलट नखाने जखम होते आणि तिथे खरा संसर्ग शिरतो. काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत, ते आपोआप गळून जातात. अंघोळीच्या वेळी बेसन किंवा कणकेच्या गोळ्याने नाक घासणंही नको. असेच दाणे काही बाळांच्या तोंडात, वरच्या टाळ्याला किंवा हिरड्यांवर दिसतात आणि घरची माणसं दात समजून कापडाने खरवडतात. त्यांनाही हात लावायचा नाही.

टाळूवरच्या खपलीला मात्र थोडा हात लावायचा आहे, आणि तुमच्या घरात नेमकं उलटं चाललं आहे. तेल रोज भरलं जातं आणि ते धुतलं कधीच जात नाही.

ही खपली का धरते ते आधी सांगते. गर्भात असताना आईच्या शरीरातली संप्रेरकं बाळाकडे जातात आणि त्यांच्या प्रभावाने बाळाच्या तैलग्रंथी जन्मानंतर काही आठवडे जास्त तेल सोडतात. डोकं, भुवया, कानामागची जागा इथे या ग्रंथी दाट असतात, म्हणून खपली तिथेच दिसते. त्वचेवर मॅलासेझिया नावाची एक साधी बुरशी सगळ्यांच्याच अंगावर राहते. तेलातली स्निग्धाम्लं हे तिचं खाद्य, आणि तिच्यामुळे त्वचेची साल लवकर लवकर सुटते. ही साल आणि तेल एकमेकांना चिकटून पिवळा, मेणचट थर होतो. तो अस्वच्छतेने होत नाही, दुसऱ्याला लागत नाही, आणि बाळाला सहसा खाजत नाही. सुरुवात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पुढे होते. तुमची मुलगी 25 दिवसांची आहे, म्हणजे वेळही जुळते.

आता रोजची टाळू भरणी यात कुठे बसते ते पाहा. त्वचा मुळात जास्त तेल सोडते आहे. त्यावर वाटीभर तेल ओतलं, वर टोपडं बांधलं आणि डोक्याला साबण लावला नाही, तर सुटलेली साल धुऊन जात नाही, त्याच जागी थरावर थर बसतो. बुरशीलाही खाद्य मिळत राहतं. आजींना टाळूला हात लागण्याची भीती असते, म्हणून बाकी डोकं चोळलं जातं आणि नेमका टाळूचा भाग राहून जातो. खपली तिथेच सगळ्यात जाड का असते, त्याचं हे एक मोठं कारण. टाळू म्हणजे हाडं अजून जुळलेली नाहीत अशी जागा, पण तिच्यावर भक्कम पडदा आणि त्वचा असते. बोटांच्या पेरांनी हलकं चोळल्याने तिला काही होत नाही. आजींचा हात धरून तुम्हीच एकदा दाखवा, त्यांना बरं वाटेल.

करायचं असं. अंघोळीच्या पंधरा-वीस मिनिटं आधी खपलीवर पातळ थर लावा. सगळ्यात चांगलं म्हणजे साधी, वास नसलेली पेट्रोलियम जेली, कारण ती या बुरशीचं खाद्य नाही. ती नसेल तर अर्धा चमचा खोबरेल चालेल, पण ते डोक्यावर ठेवायचं नाही, धुवायचंच. मोहरीचं तेल नको, ते बाळाच्या कोवळ्या त्वचेला झोंबतं. शेंगदाण्याचं तेलही सुजलेल्या त्वचेवर नको. निंबाचं तेल तर डोक्याला नाहीच, आणि कोणी थेंबभर पाजायला सांगितलं तर अजिबात नाही, लहान बाळांना त्याची विषबाधा झालेली आहे. थर मऊ झाला की मऊ सुती कापडाने किंवा बाळाच्या मऊ ब्रशने लहान लहान गोल फिरवत चोळा. मग चमच्याच्या टोकावर मावेल एवढा, बाळांसाठीचा सौम्य शॅम्पू ओल्या हातावर घेऊन डोक्याला लावा, आणि कोमट पाण्याने धुताना एक हात कपाळावर आडवा धरा, म्हणजे डोळ्यांत जाणार नाही. डोकं टिपून कोरडं करा. जे पापुद्रे स्वतःहून सुटले आहेत तेवढेच बारीक मऊ फणीने बाजूला काढा.

हे एक दिवसाआड पुरे. भुवयांना वेगळं काही नको, जेली लावून ओल्या कापडाने पुसून घ्या. खपली एका दिवसात निघणार नाही आणि निघावी असा हट्ट धरू नका. नखाने उचकटली की खालून रक्त येतं, आणि तिथून संसर्ग होतो. पापुद्र्याबरोबर थोडे केस निघाले तर घाबरू नका, ते परत येतात. दोन-तीन आठवड्यांत थर पातळ व्हायला लागतो. मध्येच पुन्हा धरतो, तेव्हा पुन्हा हेच. बहुतेक बाळांत सहा महिने ते वर्षाच्या आत हा प्रकार कायमचा थांबतो. कोणी काहीच केलं नाही तरीही थांबतो, हे आजींना सांगा. मऊ करून काढायचं ते दिसायला बरं आणि थर जाड होऊ नये म्हणून.

आजींची मालिश बंद करायची गरज नाही. हातपाय, पाठ, पोट यांना हलक्या हाताने खोबरेल लावून धुऊन काढलं तर चालतं. फक्त टाळू भरणं थांबवा, आणि दुपारी ऊन असताना डोक्याला टोपडं बांधून ठेवू नका. घामाने घामोळ्या उठल्या की घरात चौथ्या पुरळाची चर्चा सुरू होईल. पहाटे गारठा असेल तेव्हा टोपडं हवंच.

खपलीसाठी डॉक्टर कधी, तेही लिहून ठेवा. खपलीखालची त्वचा लालभडक झाली, पाणी झिरपायला लागलं, वास आला किंवा रक्त यायला लागलं तर. खपली मानेच्या घड्या, काखा, जांघा अशी अंगभर पसरली तर. बाळ डोकं सारखं गादीवर घासत असेल, रात्री खाजेने उठत असेल, तर ते अंगावरच्या कोरड्या खाजऱ्या एक्झिमाचं लक्षण असू शकतं आणि त्याचा उपचार वेगळा आहे. आणि खपली अंगभर असून वजन वाढत नसेल किंवा जुलाब थांबत नसतील, तर जिल्हा रुग्णालयातच बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. अशा वेळी डॉक्टर किटोकोनाझोलचा शॅम्पू किंवा अगदी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन ठरावीक दिवसांसाठी देतात. ते त्यांनी ठरवायचं. त्यांनी दिलं म्हणून काकांची ट्यूब योग्य होती असा अर्थ होत नाही, कारण औषधाची ताकद आणि दिवस यांत फार फरक असतो.

28 व्या दिवशी आशाताई आल्या की तीन गोष्टी करून घ्या. वजन पुन्हा करा, साधारण शंभर-दोनशे ग्रॅम वाढलेलं असायला हवं. लंगोट काढून, काखा आणि मानेच्या घड्या उघडून उजेडात त्वचा पाहायला सांगा. आणि ट्यूब त्यांच्या हातात देऊन वरचं नाव काकांसमोर वाचून घ्या.